आठ बैठका, तीन खोल्या

नवा मजला भाड्याने घेतला की आर्किटेक्ट पहिल्या काही प्रश्नांतच विचारतो, मीटिंग रूम किती काढायच्या? बहुतेक कार्यालयांत याचं उत्तर अंदाजाने दिलं जातं. कोणी म्हणतं चार पुरतील, कोणी म्हणतं सहा असू द्या, पुढे माणसं वाढतीलच. एक खोली कमी पडली तर लोक जिन्यात उभं राहून बोलतात. एक जास्त झाली तर काहीजणांच्या बसायच्या जागेचं भाडं दरमहा वाया जातं. पण दिवसभराच्या बैठकांचं वेळापत्रक हातात असेल तर अंदाज करत बसायचं कारण नाही. कागद-पेन्सिल घेऊन काही मिनिटांत नेमका आकडा काढता येतो, आणि त्याहून एकही खोली कमी करून चालणार नाही, हेही दाखवून देता येतं.

नमुन्यादाखल एका सकाळच्या आठ बैठका अशा आहेत:

- विक्री: ९.०० ते १०.३०
- लेखा: ९.३० ते ११.००
- मुलाखत: १०.०० ते १०.४५
- डिझाइन: १०.३० ते १२.००
- ग्राहकभेट: ११.०० ते १२.३०
- खरेदी: ११.०० ते ११.३०
- प्रशिक्षण: ११.३० ते १.००
- आढावा: १२.०० ते १.००

एका खोलीत एका वेळी एकच बैठक होईल, आणि सुरू झालेली बैठक मध्येच उठून दुसऱ्या खोलीत जाणार नाही. अशा अटींवर किती खोल्या पुरतील?

मनात येणारा पहिला हिशेब तासांचा असतो. आठही बैठकांचे मिळून पावणेदहा तास होतात. सकाळ चार तासांची आहे. भागाकार अडीचच्या जरा खाली येतो, म्हणजे तीन खोल्या. इथे उत्तर बरोबर आलं, पण ते योगायोगाने. आठ तासांच्या दिवसात तीनच बैठका असतील आणि तिन्ही दहा ते अकरा याच वेळेत असतील, तर एकूण तास तीनच भरतात. तासांचा हिशेब एक खोली पुरे म्हणेल आणि दहा वाजता दोन गट दाराबाहेर उभे असतील. एकूण वेळ किती, याला इथे फारसं महत्त्व नाही. गर्दी कधी होते, याला आहे.

दुसरा हिशेब जास्त हुशार वाटतो आणि म्हणूनच जास्त फसवतो. प्रत्येक बैठक किती इतर बैठकांना छेदते ते मोजायचं आणि सगळ्यांत मोठ्या आकड्यात तिची स्वतःची एक मिळवायची. डिझाइनची बैठक साडेदहा ते बारा चालते. लेखाची बैठक तिला छेदते, मुलाखत छेदते, ग्राहकभेट, खरेदी आणि प्रशिक्षणही छेदतात. पाच अधिक एक, म्हणजे सहा खोल्या. पण मुलाखत पावणेअकराला संपते आणि ग्राहकभेट अकराला सुरू होते. डिझाइनवाल्यांना दोघीही भेटल्या, तरी त्या दोघी एकमेकींना भेटल्या नाहीत. सहाही बैठका एकाच क्षणी चालू आहेत, असं त्या सकाळी कधीच घडत नाही. ही पद्धत इथे तीन खोल्या फुकट मागते, आणि एखादी दिवसभराची कार्यशाळा वेळापत्रकात असली तर कितीही मागू शकते, कारण ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बैठकीला छेदते.

शिवाय ही जोड्या तपासण्याची पद्धत बैठका वाढल्या की जड होते. हजार बैठकांच्या ४,९९,५०० जोड्या होतात. एवढं तपासूनही उत्तर चुकीचंच मिळणार असतं.

बरोबर रीत समजायला कागदावर एक आडवी रेघ ओढावी आणि तिच्यावर तासांच्या खुणा कराव्यात. प्रत्येक बैठकीसाठी तिच्या वेळेएवढी आडवी पट्टी काढावी, एकीखाली एक. मग एक मोजपट्टी उभी धरून ती डावीकडून उजवीकडे, म्हणजे सकाळपासून दुपारकडे, हळूहळू सरकवावी. मोजपट्टी कोणत्याही क्षणी जितक्या आडव्या पट्ट्यांना छेदते, तितक्या बैठका त्या क्षणी चालू असतात. संपूर्ण प्रवासात हा आकडा जास्तीत जास्त किती होतो, तेच उत्तर. सरकत्या रेषेची ही कल्पना भूमितीच्या संगणकीय अभ्यासात फार कामाची ठरली. मायकेल शेमॉस आणि डॅन होई यांनी १९७६ मध्ये तिच्या साहाय्याने कागदावरच्या असंख्य रेषाखंडांपैकी कोणते दोन तरी एकमेकांना छेदतात का, हे प्रत्येक जोडी न तपासता ठरवण्याची रीत मांडली. बैठकांचा प्रश्न हे त्याच कल्पनेचं सर्वांत साधं रूप आहे.

मोजपट्टी प्रत्येक मिनिटाला थांबवायची गरज नसते. आकडा बदलतो तो फक्त दोन प्रसंगी. बैठक सुरू झाली की एकने वाढतो, संपली की एकने उतरतो. मधल्या वेळात काहीच बदलत नाही. म्हणून आठ बैठकांतून सोळा घटना वेगळ्या काढायच्या, आठ सुरू होण्याच्या आणि आठ संपण्याच्या, आणि त्या सगळ्या वेळेच्या क्रमाने लावायच्या. क्रम लागला की मोजणी एका दमात होते.

नऊ वाजता विक्री सुरू, आकडा एक. साडेनऊला लेखा, दोन. दहाला मुलाखत, तीन. साडेदहाला विक्री संपली, दोन. त्याच ठोक्याला डिझाइन सुरू, पुन्हा तीन. पावणेअकराला मुलाखत संपली, दोन. अकराला लेखा संपली, एक. ग्राहकभेट आणि खरेदी सुरू झाल्या, तीन. साडेअकराला खरेदी संपली आणि प्रशिक्षण सुरू झालं, दोनवर उतरून परत तीन. बाराला डिझाइन संपून आढावा सुरू, तसंच. साडेबाराला ग्राहकभेट संपली, दोन. एकला उरलेल्या दोन्ही संपल्या, शून्य.

आकडा तीनच्या वर कधीच गेला नाही. म्हणून तीन खोल्या.

या मोजणीत एक गोष्ट सहज नजरेतून निसटते. सोळा घटना रांगेत लावताना कोणती सुरुवात कोणत्या शेवटाची, ही गाठ सुटूनच गेली. सुरुवातींची एक यादी आणि शेवटांची दुसरी यादी अशा दोन स्वतंत्र याद्या केल्या, त्या आपापल्या क्रमाने लावल्या आणि कोणाचा शेवट कोणता हे विसरून गेलं, तरी उत्तर तेच येतं. साडेदहाला कोणती तरी एक बैठक संपली एवढं कळणं पुरेसं असतं. ती विक्रीची होती की लेखाची, याने चालू बैठकांच्या संख्येत फरक पडत नाही. म्हणूनच ही रीत इतकी हलकी आहे. हजार बैठकांच्या दोन हजार घटना क्रमाने लावायला संगणकाला साधारण बावीस हजार तुलना पुरतात, आणि त्यानंतर यादीवरून एकदाच हात फिरवायचा असतो.

पण इथे एक शंका रास्त आहे. एका वेळी जास्तीत जास्त तीन बैठका चालू असतात, म्हणून तीनपेक्षा कमी खोल्या चालणार नाहीत, हे उघड आहे. तीन पुरतीलच, हे कशावरून? कदाचित बैठका अशा अडकतील की गर्दी तीनची असूनही चौथी खोली उघडावी लागेल.

याचं उत्तर खोल्या वाटून पाहिलं की मिळतं. बैठका सुरू होण्याच्या क्रमाने घ्यायच्या. एखादी खोली रिकामी असेल तर ती द्यायची, नसेल तरच नवी उघडायची. विक्रीला पहिली खोली मिळते, लेखाला दुसरी, मुलाखतीला तिसरी. साडेदहाला पहिली रिकामी होते, तिथे डिझाइन बसतं. अकरा वाजता दुसरी आणि तिसरी दोन्ही मोकळ्या असतात. ग्राहकभेट तिसरीत जाते, खरेदी दुसरीत. साडेअकराला खरेदी उठते आणि दुसरीत प्रशिक्षण येतं. बाराला डिझाइन उठतं आणि पहिलीत आढावा बसतो. चौथ्या खोलीची वेळच येत नाही.

आणि ती कधीच येऊ शकत नाही. या पद्धतीत नवी खोली उघडली जाते ती आधीच्या सगळ्या भरलेल्या असतील तेव्हाच. चौथी उघडायची झाली तर त्या क्षणी तीन खोल्यांत तीन बैठका चालू असाव्या लागतील आणि दारात चौथी उभी असावी लागेल. म्हणजे एका वेळी चार बैठका. पण मोजणीने तर सांगितलं की गर्दी तीनच्या वर जातच नाही. जितक्या खोल्या उघडल्या, तितक्या बैठका कोणत्या तरी एका क्षणी खरोखर एकदम चालू होत्या. त्यामुळे उघडलेली एकही खोली वायफळ नसते.

आता या हिशेबातला सगळ्यांत नाजूक सांधा. साडेदहाच्या ठोक्याला एक बैठक संपते आणि दुसरी सुरू होते. दोन्ही घटनांची वेळ एकच. रांगेत आधी कोणती घ्यायची? वर आधी संपणारी घेतली, म्हणून आकडा दोनवर उतरून तीनवर आला. आधी सुरू होणारी घेतली असती तर तीनाचे चार झाले असते आणि मग तीन. अकरा वाजता, साडेअकराला आणि बारालाही तेच. त्याच आठ बैठकांचं उत्तर चार खोल्या आलं असतं. संगणकाला हे वेगळं सांगावं लागतं, कारण नुसतं वेळेनुसार क्रम लाव म्हटलं की सारख्या वेळेच्या घटनांमध्ये कोण पुढे राहील याचा भरवसा नसतो. कधी बरोबर येतं, कधी नाही.

मात्र हा नियम कागदावरचा तांत्रिक बारकावा नाही. साडेदहाला बाहेर पडणारे आणि साडेदहालाच आत येणारे एकाच दारात भेटतात. फळा पुसायचा असतो, चहाचे कप उचलायचे असतात, कोणाचा तरी लॅपटॉप अजून पडद्याला जोडलेला असतो. कार्यालयाने ठरवलं की दोन बैठकांमध्ये दहा मिनिटं मोकळी हवीत, तर हिशेबाची रीत बदलत नाही. प्रत्येक शेवट दहा मिनिटं पुढे ढकलायचा आणि तीच मोजणी पुन्हा करायची. विक्रीची खोली आता दहा चाळीसला मोकळी होते, डिझाइनवाले साडेदहाला येतात, आणि आकडा चारवर जातो. त्या दहा मिनिटांची किंमत इथे एक अख्खी खोली आहे. ती द्यायची की डिझाइनची आणि तिच्यामागच्या बैठकांची वेळ सरकवायची, हे माणसांनी ठरवायचं. मोजणी दोन्ही पर्यायांचा आकडा समोर ठेवते.

प्रत्यक्षात या हिशेबात गडबड होते ती बहुधा वेळा लिहिण्यात. वेळ आकडा म्हणून न ठेवता अक्षरं म्हणून साठवली, तर संगणक ती शब्दकोशासारखी लावतो. मग `10:00` हे `9:30` च्या आधी येतं, कारण पहिलं अक्षर 1 हे 9 च्या आधीचं. वरच्या आठ बैठकांवर अशी चुकीची रांग चालवली तर दहाची मुलाखत सगळ्यांत आधी येते आणि नऊ व साडेनऊच्या बैठका शेवटी जाऊन पडतात. आकडा एकच्या वर जातच नाही. उत्तर येतं, एक खोली! वेळा `09:30` अशा दोन-दोन अंकांत लिहिल्या, किंवा मध्यरात्रीपासूनच्या मिनिटांत बदलून घेतल्या, की हा घोळ मिटतो.

ही चूक पकडायला उत्तर आधीपासून माहीत असावं लागत नाही. मोजणीतच तिची खूण असते. चुकीच्या रांगेत अकरा वाजता लेखाची बैठक संपते तेव्हा आकडा उणे एकवर जातो, कारण तिची सुरुवात अजून मोजलेलीच नसते. चालू बैठकांची संख्या शून्याखाली जाऊ शकत नाही. ती गेली, तर कोणती तरी बैठक सुरू होण्याआधीच संपली आहे. अमेरिकेतल्या ग्राहकाशी रात्री अकरा ते साडेबारा बोलणाऱ्या पुण्यातल्या टीमची बैठक तारखेशिवाय नोंदवली तरी हेच होतं. साडेबारा हे रात्रीचे शून्य तीस होतात आणि शेवट सुरुवातीच्या साडेबावीस तास आधी जाऊन बसतो. म्हणून आकडा कधी उणे होतो का, आणि दिवस संपताना तो शून्यावर येतो का, या दोन गोष्टी मोजणीबरोबरच तपासत राहाव्यात. दुसरी तपासणी शेवटाची नोंद राहून गेलेली बैठक पकडते.

खोल्यांच्या जागी रेल्वेचे फलाट ठेवले तरी प्रश्न जवळपास तोच राहतो. चर्चगेटला चार फलाट आहेत. गाडी फलाटाला लागली की एक सुरुवात, सुटली की एक शेवट. गाड्यांच्या वेळा घेऊन हीच मोजणी केली तर एका वेळी किती फलाट अडलेले असतील ते कळतं. गाडी सुटल्यावर सांधे बदलून दुसरी आत घ्यायला लागणारा वेळ शेवटात मिळवायचा, खोली आवरण्याच्या दहा मिनिटांसारखाच.

पण फलाटांऐवजी रेक मोजायला गेलं की रीत तुटते. सकाळच्या सगळ्या फेऱ्या चालवायला कमीत कमी किती रेक लागतील? विरारला पोहोचलेला रेक पुढच्या मिनिटाला चर्चगेटहून सुटू शकत नाही. रिकामी झालेली कोणतीही खोली पुढच्या कोणत्याही बैठकीला चालते, म्हणूनच शेवट आणि सुरुवात यांची गाठ विसरणं परवडत होतं. रेक कुठे मोकळा झाला हे विसरून चालत नाही. जॉर्ज डँझिग आणि डी. आर. फुलकर्सन या अमेरिकी गणितज्ञांनी १९५४ मध्ये नेमका असाच प्रश्न सोडवला होता, तो तेलवाहू जहाजांचा. ठरलेल्या बंदरांवर ठरलेल्या वेळी तेल उचलायचं आणि पोहोचवायचं, तर कमीत कमी किती टँकर लागतील? एका बंदराहून दुसऱ्या बंदराला रिकामं जायचा वेळ प्रत्येक जोडीला वेगळा असल्याने त्यांनी रेषीय नियोजनाचं गणित वापरलं. खोल्यांच्या बाबतीतही असा भेद आला, म्हणजे ग्राहकभेटीला पडदा असलेलीच खोली हवी किंवा प्रशिक्षणाला तीस खुर्च्या हव्यात, तर साधी मोजणी फक्त एवढंच सांगते की याहून कमी खोल्या चालणार नाहीत. तेवढ्या पुरतील, याची हमी ती देत नाही.

हमी मोडण्याचं आणखी एक कारण आहे, आणि रोजच्या कार्यालयात तेच सगळ्यांत जास्त भेटतं. वरच्या वाटणीत बैठका सुरू होण्याच्या क्रमाने आल्या होत्या. पण कार्यालयातलं बुकिंग त्या क्रमाने होत नाही. पुढच्या गुरुवारची अकराची बैठक आज नोंदवली जाते आणि नऊची बुधवारी संध्याकाळी. शिवाय नोंदवतानाच खोलीही पक्की होते.

दोन खोल्यांच्या कार्यालयात नऊ ते दहाची बैठक पहिल्या खोलीत नोंदवली गेली. कोणीतरी अकरा ते बारासाठी दुसरी खोली घेतली, तिच्या खिडकीतून झाड दिसतं म्हणून. नंतर साडेनऊ ते साडेअकराची मागणी आली. एका वेळी दोनपेक्षा जास्त बैठका कधीच नाहीत, मोजणी दोन खोल्या पुरे म्हणते. तरीही नव्या बैठकीला जागा नाही. पहिली खोली सुरुवातीला अडलेली, दुसरी शेवटाला. अकराची बैठक पहिल्या खोलीत टाकली असती तर दुसरी पूर्ण मोकळी राहिली असती.

असं नुकसान जास्तीत जास्त किती होऊ शकतं, हे हेन्री किअरस्टेड आणि विल्यम ट्रॉटर यांनी १९८१ मध्ये शोधून काढलं. मागण्या कोणत्याही क्रमाने येणार, आलेल्या मागणीला लगेच खोली द्यायची आणि नंतर ती बदलायची नाही, अशी अट असेल, तर कितीही चतुराईने वाटप केलं तरी वाईटात वाईट परिस्थितीत गर्दीच्या तिप्पट वजा दोन एवढ्या खोल्या लागू शकतात. आणि तेवढ्यात नक्की भागेल अशी एक पद्धतही त्यांनी दिली. गर्दी दोनची असेल तर चार खोल्या, तीनची असेल तर सात. आठ बैठकांच्या त्या सकाळी तीन खोल्या पुरल्या, कारण पूर्ण वेळापत्रक एकदम समोर होतं.

तीन आणि सात यांतलं हे अंतर खोली लगेच पक्की करण्याच्या सवयीतून येतं, आणि ती सवय बदलता येते. बुकिंग घेताना कार्यालयाने फक्त वेळ स्वीकारावी आणि त्या वेळेत गर्दी उपलब्ध खोल्यांच्या वर जात नाही ना, एवढंच मोजणीने तपासावं. निमंत्रणात खोलीचा क्रमांक लिहूच नये. आदल्या संध्याकाळी बुकिंग बंद झालं की सगळ्या बैठका सुरू होण्याच्या क्रमाने लावून खोल्या वाटाव्यात आणि क्रमांक सकाळी सगळ्यांना कळवावेत. संध्याकाळपर्यंत स्वीकारलेल्या प्रत्येक बैठकीला मग खोली मिळतेच. ऐन दिवशी कोणी नवी बैठक मागितली, तर सुरू न झालेल्या बैठकांच्या खोल्या बदलण्याची मुभा ठेवावी. चालू असलेल्यांना हात न लावता उरलेल्यांचं वाटप त्याच रीतीने पुन्हा करता येतं.